खारीच्या पॅकेटवरची ट्रान्स फॅटची ओळ

«सासऱ्यांची मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, खारी, नानकटाई, बेकरीचं सगळं बंद, त्यात ट्रान्स फॅट असतं. मामाजींना दोन्ही वेळच्या चहासोबत खारीच लागते. २०० ग्रॅमचं पॅकेट ते दोन दिवसांत संपवतात. आता त्यांनी चष्मा लावून पॅकेट वाचलं आणि मला दाखवलं. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ५४४ किलोकॅलरी, एकूण फॅट ३२ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट १६ ग्रॅम, ट्रान्स फॅट ०.५ ग्रॅम. "अर्ध्या ग्रॅमनं काय होते? डॉक्टर उगाच भेव दाखवतात," असं त्यांचं म्हणणं. पॅकेट मिळालं नाही तर चौकातल्या बेकरीतून सुटी खारी येते, तिच्यावर तर काहीच लिहिलेलं नसतं. नक्की किती ट्रान्स फॅट धोक्याचं? आणि घरच्या तुपातही ते असतं म्हणतात, ते खरं का?»
— एक सून, मानेवाडा, नागपूर

ताई,

मामाजींनी आकडा बरोबर वाचला आहे. आजच्या चांगल्या पॅकेटबंद खारीत ट्रान्स फॅट खरंच थोडं असतं. तरीही डॉक्टरांनी खारी बंद केली ते योग्यच केलं, आणि त्याचं कारण त्याच तक्त्यात, ट्रान्स फॅटच्या ओळीला लागून असलेल्या ओळीत छापलेलं आहे. मामाजींना "डॉक्टर म्हणाले म्हणून" एवढंच सांगितलं तर ते ऐकणार नाहीत. वाचणारा माणूस आहे, त्यांना हिशेब दाखवा. तो मी इथे मांडते.

आधी खाण्याचं प्रमाण. तक्त्यातले आकडे १०० ग्रॅमचे आहेत आणि तुम्ही सांगता त्यावरून मामाजी रोज बरोबर १०० ग्रॅम खारी खातात. म्हणजे त्यांच्या बाबतीत तक्ता आहे तसाच वाचायचा, भागाकार करायची गरज नाही. त्याच तक्त्यात बाजूला टक्केवारीचा एक रकाना असतो. तो रकाना एका वेळच्या ठरवलेल्या प्रमाणासाठी असतो, आणि हे प्रमाण खारीच्या पॅकेटवर २५ ग्रॅम धरलेलं असेल तर त्यात दोन-तीनच खाऱ्या बसतात. भारतात ही टक्केवारी दिवसाला २००० किलोकॅलरी, एकूण फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २२ ग्रॅम आणि ट्रान्स फॅट २ ग्रॅम धरून काढतात. २५ ग्रॅम खारीचं ट्रान्स फॅट त्या हिशेबानं ६ टक्के भरतं आणि सॅच्युरेटेड फॅट १८ टक्के. दिसायला दोन्ही आकडे साधे वाटतात, पण मामाजींचं खाणं त्याच्या चौपट आहे. पॅकेट वाचताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून एकदा वजनकाट्यावर त्यांच्या बशीतल्या खाऱ्या मोजून पाहा.

आता किती ट्रान्स फॅट धोक्याचं, हा तुमचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभराच्या ऊर्जेपैकी १ टक्क्याहून कमी ऊर्जा ट्रान्स फॅटमधून यावी. २००० किलोकॅलरी खाणाऱ्यासाठी १ टक्का म्हणजे २० किलोकॅलरी, आणि एक ग्रॅम फॅट ९ किलोकॅलरी देतं, म्हणून मर्यादा सुमारे २.२ ग्रॅम येते. मामाजींचं वय आणि नुकतीच झालेली अँजिओप्लास्टी पाहता त्यांचा आहार १६०० किलोकॅलरीच्या आसपास धरू. मग मर्यादा १.८ ग्रॅम होते. खारीतून जाणारा अर्धा ग्रॅम हा त्याच्या साधारण २८ टक्के आहे. मात्र ही मर्यादा अख्ख्या दिवसाची आहे. दूध, तूप, बाहेरचा समोसा, लग्नातली बालुशाही, सगळं तिच्यातच मोजायचं. शिवाय ही मर्यादा आहे, गरज नाही. शरीराला ट्रान्स फॅट कशासाठीही लागत नाही, त्यामुळे "इतकं तरी हवं" असा किमान आकडा कुठलाच डॉक्टर सांगणार नाही.

दोन-चार ग्रॅमच्या गोष्टीवर डॉक्टर एवढे कडक का असतात, ते समजून घ्यायला थोडं रसायनशास्त्र लागतं. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल यांच्या तेलातले रेणू मध्येच वाकलेले असतात. वाकडे असल्यामुळे ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि तेल पातळ राहतं. या तेलात निकेल धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला, पण प्रक्रिया अर्धवट ठेवली, तर काही रेणूंचा वाक निघून जातो आणि ते सरळ होतात. सरळ रेणू काडेपेटीतल्या काड्यांसारखे एकावर एक रचले जातात आणि तेल घट्ट होतं. हेच ते वनस्पती तूप, आणि सरळ झालेले असंतृप्त रेणू म्हणजे ट्रान्स फॅट.

हे रेणू रक्तात दोन वाईट गोष्टी एकाच वेळी करतात. एलडीएल, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत साचणारं कोलेस्टेरॉल, ते वाढवतात. आणि साचलेलं कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणारं एचडीएल कमी करतात. वाईट समजलं जाणारं दुसरं फॅट, म्हणजे सॅच्युरेटेड, तेही एलडीएल वाढवतं, पण एचडीएल असं खाली ओढत नाही. या दुहेरी परिणामामुळे ग्रॅमला ग्रॅम तोललं तर ट्रान्स फॅट सगळ्यात घातक ठरतं. मोठ्या लोकसमूहांवर वर्षानुवर्षं केलेल्या पाहण्यांचा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की रोजच्या ऊर्जेतला ट्रान्स फॅटचा वाटा २ टक्क्यांनी वाढला की हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी वाढतं. ते २ टक्के म्हणजे अवघे साडेचार ग्रॅम, मोजमापाचा एक छोटा चमचासुद्धा जेमतेम भरेल. इतक्या थोड्या मात्रेत इतकं नुकसान करणारा दुसरा अन्नघटक शोधावा लागेल, म्हणून डॉक्टरांच्या तोंडी हे नाव सगळ्यात आधी येतं.

मग खारीतच ते का असायचं? खारीचे पापुद्रे सुटतात ते मैद्याच्या थरांमध्ये घट्ट फॅटचे थर लाटल्यामुळे. तेल वापरलं तर ते मैद्यात जिरतं आणि पापुद्रे सुटत नाहीत. लोणी वापरावं तर ते ३२ ते ३५ अंशांनाच वितळतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. भट्टीशेजारच्या ओट्यावर लोण्याचे थर टिकणं अशक्यच. वनस्पती तूप मात्र उन्हाळ्यातही बऱ्यापैकी तग धरायचं, लोण्याच्या मानानं स्वस्त पडायचं आणि माल महिनोन् महिने खवट होत नसे. बेकरीवाल्यांनी ते सोडलं नाही याचं मला नवल वाटत नाही. आपल्या कायद्यानंही पूर्वी १०० ग्रॅम वनस्पतीत १० ग्रॅमपर्यंत ट्रान्स फॅट चालवून घेतलं होतं. पुढे ते ५ टक्क्यांवर आलं, जानेवारी २०२१ पासून ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर. २०२२ पासूनची मर्यादा नुसत्या तेल-तुपाच्या डब्याला नाही, तर त्यापासून केलेल्या खाद्यपदार्थालाही लागू आहे. पदार्थात जेवढं एकूण फॅट आहे, त्याच्या २ टक्क्यांहून जास्त कारखानी ट्रान्स फॅट असता कामा नये.

हा नियम तुम्ही घरीच पडताळू शकता. मामाजींच्या पॅकेटवर एकूण फॅट ३२ ग्रॅम आहे. त्याचे २ टक्के म्हणजे ०.६४ ग्रॅम. छापलेला आकडा ०.५, म्हणजे कायद्यात बसतो. एखाद्या पॅकेटवर ३० ग्रॅम फॅट आणि १ ग्रॅम ट्रान्स फॅट दिसलं, तर ते ३ टक्क्यांच्या वर गेलं आणि नियमात बसत नाही. असं पॅकेट घेऊ नका. "ट्रान्स फॅट फ्री" असा मोठ्या अक्षरातला दावा करायला १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमहून कमी असावं लागतं. मामाजींच्या पॅकेटला तो दावा करता येणार नाही.

याच हिशेबातून त्यांना आणखी एक गोष्ट दाखवा. १० टक्क्यांच्या काळात वनस्पतीत केलेल्या अशाच १०० ग्रॅम खारीत ३.२ ग्रॅम ट्रान्स फॅट कायद्यानं चालून जात होतं, आजच्या सहापट. मामाजींनी आयुष्यातली बहुतेक खारी त्या काळात किंवा त्याच्याही आधी खाल्ली आहे. रक्तवाहिन्यांत थर साचायला दशकं लागतात. त्यामुळे आजच्या पॅकेटवरचा अर्धा ग्रॅम बघून "यानं काय होणार" असं म्हणताना ज्या वाहिनीत स्टेंट बसवला आहे तिचा मागचा हिशेब विसरून चालत नाही.

आता त्या दुसऱ्या, म्हणजे सॅच्युरेटेड फॅटच्या ओळीकडे येऊ, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. कारखान्यांनी ट्रान्स फॅट कमी केलं, पण खारीला घट्ट फॅट लागतंच. मग त्याच्या जागी काय आलं? पॅकेटवरची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, त्यामुळे मैद्यानंतर लगेच फॅटचं नाव सापडेल. तिथे "इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट" किंवा "पाम ऑइल", "पामोलीन" लिहिलेलं असेल. पाम हे ताडाच्या जातीच्या झाडाचं तेल मुळातच निम्मं संतृप्त, म्हणजे सॅच्युरेटेड, असतं, त्यामुळे हायड्रोजन न सोडताही त्यातून घट्ट फॅट मिळतं. ट्रान्स फॅटपेक्षा ते नक्कीच बरं, पण एलडीएल तेही वाढवतं. "पार्शियली हायड्रोजनेटेड" असे शब्द दिसले तर मात्र पॅकेट सरळ परत ठेवा, आकडा काहीही छापलेला असो. नुसतं "हायड्रोजनेटेड" लिहिलेलं असेल तर प्रक्रिया पूर्ण केली की अर्धवट हे नावावरून कळत नाही. तिथे ट्रान्स फॅटची ओळ बघून ठरवा.

मामाजींच्या रोजच्या खारीत सॅच्युरेटेड फॅट १६ ग्रॅम आहे. १६०० किलोकॅलरीच्या आहारात त्याला १० टक्के जागा असते, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम. हृदयाचा त्रास झालेल्यांना बरेच डॉक्टर याहूनही कमी ठेवायला सांगतात. म्हणजे वरण, भाजी, दूध, पोळीला लावलेलं तूप, यातलं काहीही पोटात जायच्या आधीच दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. वर ५४४ किलोकॅलरी, म्हणजे दिवसभराच्या खाण्याचा एक तृतीयांश भाग, आणि तोही बहुतांश मैदा आणि फॅटचा. डॉक्टरांनी वॉर्डात घाईत "ट्रान्स फॅट" एवढंच नाव घेतलं असेल, पण खारी बंद करायला आजच्या घडीला हे १६ ग्रॅम जास्त मोठं कारण आहे. अर्ध्या ग्रॅमच्या ओळीवर बोट ठेवलं की ते झाकलं जातं.

चौकातली सुटी खारी याहून अवघड आहे. समोर तोलून दिलेल्या मालावर तक्ता नसतो. अगदी लहान पुड्यांनाही पोषणतक्त्यातून सूट आहे. त्यामुळे तक्ता नाही म्हणजे काही काळंबेरं आहे असं नाही, पण आत काय आहे हे कळायला मार्गही नाही. नजरेला, हाताला, जिभेला ट्रान्स फॅट ओळखता येत नाही. टाळूला मेणासारखा थर चिकटला तर फॅट उशिरा वितळणारं आहे एवढंच समजतं. पामच्या फॅटचाही तसाच थर चिकटतो. आम्ल आणि साखर टाकून गुलाबी रंग येतो का पाहण्याची एक चाचणी लोक एकमेकांना पाठवतात. ती ट्रान्स फॅटची नाहीच. तुपात वनस्पतीची भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचं तेल मिसळायचा नियम आहे, आणि तो गुलाबी रंग त्या तिळाच्या तेलामुळे येतो. खारीवर ती करून काही कळणार नाही, आणि तीव्र आम्ल घरात आणूच नका. ट्रान्स फॅट मोजायला प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीच लागते.

एक गोष्ट मात्र करता येते. बेकरीवाले ओळखीचे असतील तर त्यांना फॅटचा डबा दाखवायला सांगा. इतवारीच्या घाऊक बाजारातून येणारा तो १५ किलोचा डबा असतो आणि त्यावर घटक आणि ट्रान्स फॅटचा आकडा छापलेला असावा लागतो. "भाऊ, घरी हार्टचा पेशंट आहे, जरा डबा पाहू द्या ना," असं म्हटलं तर कोणी वाईट मानत नाही. फॅट उघड्या टिनात ओतलेलं असेल, किंवा डब्यावरचं लेबल फाडलेलं असेल, तर तिथली खारी घरातल्या कुणासाठीच आणू नका. खरोखर संशय असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाखाली ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. नमुना नियमाबाहेरचा निघाला तर शुल्क परत मिळतं. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची तर पाकीट, बिल आणि बॅच क्रमांक जपून ठेवा.

तुपाबद्दल तुम्ही ऐकलं ते खरं आहे. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू थोडं ट्रान्स फॅट तयार करतात आणि ते दुधाच्या फॅटमध्ये साधारण २ ते ५ टक्के उतरतं. ५ ग्रॅमच्या एका चमचा तुपात ते ०.१ ते ०.२५ ग्रॅम इतकंच भरतं. पॅकेटवरच्या ओळीत हे नैसर्गिक ट्रान्स फॅट धरत नाहीत, तो आकडा कारखानी ट्रान्स फॅटचा असतो. घरच्या खाण्यातल्या एवढ्याशा प्रमाणात त्यानं कारखानी फॅटसारखं नुकसान होतं असा ठोस पुरावा नाही. मामाजींसाठी तुपाचा खरा हिशेब पुन्हा सॅच्युरेटेडचाच आहे: एका चमच्यात सुमारे ३ ग्रॅम. खारी बंद झाली तर वरणभातावर एक लहान चमचा त्यांच्या कोट्यात आरामात बसतो. त्यांच्यापुढे हा सौदा ठेवून पाहा, बऱ्याच घरांत तो पटतो.

चहासोबत काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण अडचण तिथेच येणार. त्यांना कुरकुरीत आणि चहात बुडवता येईल असं काहीतरी हवंय. रात्रीची पोळी सकाळी मंद तव्यावर फडक्यानं दाबत पापडासारखी कडक करा. तेल-तूप न लावता ती छान खुसखुशीत होते आणि चहात खारीसारखीच बुडते. संध्याकाळी मूठभर फुटाणे किंवा भाजलेल्या ज्वारीच्या लाह्या द्या. मधुमेह असेल तर कडक पोळी एकच. बेकरीच्या टोस्टमध्ये खारीपेक्षा फॅट बरंच कमी असतं, पण साखर असते आणि प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, म्हणून हाच तक्ता वाचून १०० ग्रॅममध्ये सॅच्युरेटेड फॅट ५ ग्रॅमच्या आत असेल तरच, तेही अधूनमधून आणि डॉक्टरांना विचारून.

कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती खारी सोडली म्हणून स्वतःहून कमी करू नका, आणि गोळी आहे म्हणून खारी पुन्हा सुरूही करू नका. पुढच्या तपासणीला लिपिड प्रोफाइल होईल. तोवर मामाजींनाच एका वहीत रोजच्या बाहेरच्या पदार्थांचं सॅच्युरेटेड फॅट लिहायला सांगा. पॅकेट वाचायची सवय त्यांना लागलेलीच आहे, आता फक्त एक ओळ वर सरकायचं आहे. ती वही आणि रिपोर्ट डॉक्टरांसमोर एकत्र ठेवा, म्हणजे एलडीएल किती उतरलं आणि कशानं, यावर डॉक्टरांना मामाजींशीच थेट बोलता येईल.